घरातल्या कुणाला किती कॅलरी आणि किती कॅल्शियम: वही घेऊन बसणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात सासूबाई मोरीत घसरल्या. पडणं अगदी किरकोळ होतं, हात टेकला एवढंच. पण मनगट मोडलं. तेव्हा त्यांचं वय ६८ आणि वजन ५० किलो. प्लास्टर घातल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "जेवण कसं आहे?" मी लगेच म्हटलं, "व्यवस्थित जेवतात." त्या खरंच व्यवस्थित जेवत होत्या. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली आणि हाडं बरीच विरळ झाल्याचं कळलं. तेव्हा मी वही काढली आणि त्यांच्या ताटातलं कॅल्शियम मोजलं. दिवसाला अडीचशे मिलिग्रॅमसुद्धा भरत नव्हतं, आणि गरज बाराशेची.

मग मुलाचं, मुलीचं, माझं, सगळ्यांचंच मोजलं. त्यात सुरुवातीला मी बऱ्याच चुका केल्या. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहिते आहे.

## आधी हे जवळ ठेवा

- एक वही. घरातल्या प्रत्येकासाठी दोन पानं.
- एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा. तो फक्त पहिले दोन-तीन दिवस लागतो. एकदा आपल्या घरची वाटी किती ग्रॅमची हे कळलं की पुढे वाटीवर चालतं.
- दूध मोजायला मिलिलिटरच्या खुणा असलेला पेला.
- प्रत्येकाचं आजचं वजन. साठीपुढच्या माणसांची उंचीसुद्धा. भिंतीला पाठ लावून मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि मागच्या वर्षभरातले रक्ततपासणीचे कागद.
- हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे दोन तक्ते. एक २०२० चा, कुठल्या वयाला काय आणि किती लागतं त्याचा. दुसरा २०१७ चा, शंभर ग्रॅम कच्च्या पदार्थात काय असतं त्याचा. या लेखातले बहुतेक आकडे तिथलेच आहेत. काही मी सोयीसाठी गोल केले आहेत.

जुन्या पुस्तकात किंवा एखाद्या दवाखान्याच्या भिंतीवर प्रौढांसाठी "कॅल्शियम ६०० मिलिग्रॅम" असं लिहिलेलं दिसेल. तो २०१० चा आकडा आहे. २०२० मध्ये तो १००० झाला. आपण नवा धरायचा.

## १. वयासमोरचे दोन आकडे वहीत उतरवा

| वय | कॅलरी | कॅल्शियम (मिलिग्रॅम) |
|---|---|---|
| १ ते ३ वर्षं | साधारण १००० ते ११०० | ५०० |
| ४ ते ६ | १३६० | ५५० |
| ७ ते ९ | १७०० | ६५० |
| १० ते १२ | मुलगे २२२०, मुली २०६० | ८५० |
| १३ ते १५ | मुलगे २८६०, मुली २४०० | १००० |
| १६ ते १८ | मुलगे ३३२०, मुली २५०० | १०५० |
| प्रौढ, बैठं काम | पुरुष २११०, स्त्रिया १६६० | १००० |
| ६० च्या पुढे | पुरुष साधारण १७००, स्त्रिया साधारण १५०० | १२०० |

प्रौढांचा आकडा कामाप्रमाणे बदलतो. दिवसभर हिंडण्या-फिरण्याचं काम असेल तर पुरुषाला २७१० आणि स्त्रीला २१३० कॅलरी धरतात. शेतावर राबणाऱ्याला त्याहूनही बऱ्याच जास्त लागतात. (आपण बोलताना कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी असते. पाकिटावर तसं छापलेलं दिसलं तर गोंधळू नका.)

इथेच पहिली चूक होते. हे दोन आकडे एका रांगेत छापलेले असले तरी एका जातीचे नाहीत. कॅलरीचा आकडा सरासरी आहे. तो एका ठरावीक वजनाच्या आणि ठरावीक हालचालीच्या माणसासाठी काढलेला आहे. सोळा-अठरा वर्षांच्या मुलाचे ३३२० हे साधारण ६४ किलोच्या, हिंडत्या-खेळत्या मुलासाठी आहेत. तुमचा मुलगा ५२ किलोचा असेल आणि दिवसभर अभ्यासाला बसत असेल, तर तेवढं त्याला भरवायला जाऊ नका. आमच्याकडे मी महिनाभर तो आग्रह केला. मुलाच्या पोटाचा घेर वाढला, बाकी काही झालं नाही. कॅलरी पुरतात की नाही हे शेवटी वजनावरून आणि भुकेवरूनच ठरवायचं.

कॅल्शियमचा आकडा वेगळ्या रीतीने ठरतो. निरोगी माणसांपैकी जवळजवळ सगळ्यांना पुरेल इतका तो मुद्दाम वरचा धरलेला असतो. म्हणून एखाद्या दिवशी शंभर कमी पडले तर घाबरायचं कारण नाही. आठवड्याची सरासरी त्याच्या आसपास आली की काम झालं. पण भूक कॅल्शियमचं काहीच सांगत नाही. अडीचशेवर पोट भरतं आणि बाराशेवरही भरतं. म्हणून हा आकडा मोजावाच लागतो.

## २. दोन दिवस नुसतं लिहा, काही बदलू नका

एक दिवस साधा आणि एक सुट्टीचा घ्या. पदार्थ कच्चा असताना वजन करा, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, निवडलेली भाजी. शिजल्यावर तांदूळ-डाळीत पाणी शिरतं, वजन जवळपास तिप्पट होतं आणि तक्त्याशी मेळ बसत नाही.

चहातलं दूध स्वतंत्र मोजा. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. "मी दिवसातून तीनदा दूध घेते की, चहातून," असं सासूबाई म्हणायच्या. मोजल्यावर कपाला चाळीस मिलिलिटर निघालं. तीन कप मिळून १२० मिलिलिटर दूध, म्हणजे जेमतेम १४० मिलिग्रॅम कॅल्शियम.

ताकाचंही तसंच आहे. पेलाभर ताकात दही किती घातलं ते पाहा. दोन-तीन चमचे दही आणि बाकी पाणी असेल, तर पन्नास-साठ मिलिग्रॅमच्या वर काही मिळत नाही.

सासूबाईंचं त्या वेळचं पान आजही वहीत आहे. सकाळी पोहे, दुपारी आणि रात्री मिळून ज्वारीच्या दोन भाकरी, तुरीचं वरण, थोडा भात, दोडक्याची नाहीतर वांग्याची भाजी, एक केळं, तीन चहा आणि चहासोबत चार बिस्किटं. कॅलरी साधारण १४०० भरल्या. वजन स्थिर होतं, म्हणजे तेवढ्या त्यांना पुरत होत्या. कॅल्शियम मात्र २४० च्या आसपास, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त त्या चहाच्या दुधाचं.

## ३. हजार कॅलरीमागे किती कॅल्शियम, हे काढा

माझ्या डोक्यात खरा उजेड पडला तो या पायरीवर. वरच्या तक्त्यात खाली खाली जाताना दोन्ही रकाने नीट पाहा. अठराव्या वर्षापर्यंत दोन्ही आकडे बरोबरीने चढतात. त्यानंतर वाटा फुटतात. कॅलरी उतरत जातात, कॅल्शियम फारसं उतरत नाही, आणि साठीनंतर तर ते आणखी चढतं.

आता कॅल्शियमच्या आकड्याला कॅलरीने भागा आणि हजाराने गुणा. सतरा वर्षांच्या मुलाला हजार कॅलरीमागे साधारण ३१५ मिलिग्रॅम लागतं, बैठं काम करणाऱ्या पुरुषाला ४७५, बैठं काम करणाऱ्या बाईला ६०० आणि साठीपुढच्या बाईला ८००. म्हणजे नातू आणि आजी एकाच पातेल्यातलं जेवत असतील, तर आजीच्या प्रत्येक घासात नातवाच्या घासाच्या अडीचपट कॅल्शियम असायला हवं. नातू सहा पोळ्या खातो, वर दूध पितो, त्यामुळे त्याचं बऱ्यापैकी भागून जातं. आजी दीड भाकरी खाते. त्या दीड भाकरीला जी भरपाई करायची असते ती ज्वारीच्या पिठात नाही.

तोच भागाकार पदार्थांवर करून पाहा. हजार कॅलरीची ज्वारी खाल्ली तर ८५ मिलिग्रॅम मिळतं, तांदळातून वीस-पंचवीस, तूरडाळीतून दोनशेच्या थोडं वर. याउलट नाचणीतून अकराशेच्या पुढे, कुळथातून आठशे आणि टोन्ड दुधातून जवळपास दोन हजार. मेथीतून तर आठ हजार येतं, अर्थात हजार कॅलरीची मेथी कुणी खात नाही. पण आजीच्या ताटात कुठल्या बाजूला सरकायचं ते यावरून स्पष्ट होतं. आपल्या रोजच्या धान्या-डाळींत ८०० ची पातळी गाठणारे नाचणी आणि कुळीथ हे दोनच मला सापडले.

## ४. ताटात भर घालू नका, अदलाबदल करा

"जेवण आहे तसंच राहू दे, वर एक पेला दूध आणि एक लाडू," असा सल्ला घरोघरी मिळतो. म्हातारपणी तो दोन दिवसही चालत नाही. "अगं, एवढं सगळं मला नाही जात," असं सासूबाई म्हणाल्या आणि दूध तसंच राहिलं. पोटातली जागा तेवढीच असते. म्हणून काहीतरी काढूनच दुसरं ठेवायचं.

आम्ही अशी अदलाबदल केली. सकाळचे पोहे जाऊन दोनशे मिलिलिटर टोन्ड दुधात तीस ग्रॅम नाचणीचं पीठ शिजवून, थोडा गूळ घालून खीर आली. तिथेच साडेतीनशे मिलिग्रॅम झालं. दुपारी भाकरी आणि वरण तसंच ठेवलं, पण दीडशे ग्रॅमची वाटीभर दह्याची जोड दिली, त्याचे १८० आले. आठवड्यातले चार-पाच दिवस दोडक्याऐवजी मेथी. पाऊणशे ग्रॅम निवडलेल्या मेथीचे दोनशे. भाकरीसोबत दहा ग्रॅम तिळाची चटणी, तिचे कागदावर सव्वाशे. रात्री वरणाऐवजी पंचवीस ग्रॅम कुळथाच्या पिठाचं पिठलं, त्याचे सत्तरच्या जवळ. चहा तीनवरून दोनवर आला आणि बिस्किटं बंद झाली. भाकरी-भातातलं थोडंफार धरून बेरीज साधारण १०५० झाली. कॅलरी पुन्हा मोजल्या, त्या १४०० च्याच आसपास राहिल्या. घासांची संख्या तेवढीच, कॅल्शियम मात्र चौपटीहून जास्त. उरलेल्या दीडशेचं काय ते डॉक्टरांवर सोपवलं.

दुधाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. कॅल्शियम दुधाच्या पातळ भागात असतं, सायीत फारसं नसतं. त्यामुळे टोन्ड असो की फुल क्रीम, पेल्यामागे कॅल्शियम जवळपास तेवढंच, आणि कॅलरीत मात्र बराच फरक. दोनशे मिलिलिटर टोन्डच्या सव्वाशेच्या आत, फुल क्रीमच्या पावणेदोनशेच्या आसपास. आमच्याकडे साय काढून ती भाचीच्या दोन वर्षांच्या मुलाला जाते आणि खालचं दूध सासूबाईंना. दोघांचीही गरज त्यातून भागते. ज्यांना दूध पचत नाही, पोट गुबारतं, त्यांना दही सहसा चालतं.

## ५. तक्त्यातला आकडा अंगी लागतो का, ते तपासा

तक्ता फक्त पदार्थात किती आहे ते सांगतो. आतड्यातून रक्तात किती जातं हा निराळा प्रश्न आहे. दुधातलं साधारण तीस टक्के शोषलं जातं. गरजेचे आकडे ठरवताना ही गळती हिशोबात धरलेलीच असते. पण काही पदार्थ त्याहूनही खूप कमी देतात.

अळू हे याचं सगळ्यात सोपं उदाहरण आहे. अळूच्या फदफद्यात आपण चिंच का घालतो? घसा खवखवू नये म्हणून. ती खवखव कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे होते. म्हणजे अळूत कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेटने बांधलेलं, आणि ते आतड्यातून तसंच पुढे निघून जातं. पालकाचंही असंच, त्यातलं पाचेक टक्केच शोषलं जातं. अळू, पालक जरूर खा, पण कॅल्शियमच्या रकान्यात त्यांच्यासमोर शून्य लिहा. राजगिऱ्याच्या आणि माठाच्या पानांतही ऑक्झलेट बरंच असतं, म्हणून मी त्यांचा आकडा निम्मा धरते. मेथी, शेवग्याचा पाला आणि मुळ्याचा पाला यांच्यावर जास्त भिस्त ठेवते.

तिळात कॅल्शियम प्रचंड असतं, शंभर ग्रॅममागे बाराशेच्या वर. पण त्यातलं बरंचसं सालात आणि तेही ऑक्झलेटबरोबर. सालं काढलेल्या शुभ्र तिळात तर ते खूपच कमी होतं. म्हणून तिळाची चटणी ही वरकड कमाई समजा.

नाचणीबाबत दोन गोष्टी आहेत. तिच्यातलं फायटेट कॅल्शियम अडवतं, आणि मोड आणले किंवा पीठ आंबवलं की ते कमी होतं. आंबील करण्याची आपली पद्धत म्हणूनच चांगली. दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. नाचणीचं कॅल्शियम मोठ्या प्रमाणात तिच्या सालाजवळ असतं. बाळासाठी सत्त्व करताना आपण वाटून फडक्यातून गाळतो आणि चोथा टाकून देतो. त्या चोथ्याबरोबर बरंच कॅल्शियम जातं. बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं आणि नीट गिळू लागलं की मोड आणून वाळवून दळलेलं पीठ न गाळता, छान शिजवून द्या.

## ६. वयाप्रमाणे कुठे काय चुकतं

पहिल्या सहा महिन्यांत फक्त आईचं दूध. वर्षाच्या आत वरचं दूध पाजू नये.

एक ते तीन वर्षांच्या मुलाला किलोमागे जवळपास ८५ कॅलरी लागतात, सासूबाईंना २८. एवढंसं पोट आणि तिप्पट गरज. म्हणून मुलाच्या मऊ भातात तूप हवं, दिवसातून पाच वेळा खाणं हवं. कॅल्शियम इथे सहज भागतं, चारशे मिलिलिटर दुधात ४८० येतं. अडचण उलट बाजूने येते. मूल जेवत नाही म्हणून घरातले बाटलीने लिटरभर दूध पाजतात, मग त्याला भूकच राहत नाही. दुधात लोह जवळपास नसतं आणि मूल पांढरंफटक पडतं. दुधाला अर्ध्या लिटरची हद्द घाला.

दहा ते अठरा हा काळ सगळ्यात मोलाचा. उंची झपाट्याने वाढते त्या दोन-एक वर्षांत प्रौढ हाडातला जवळपास पाव हिस्सा जमा होतो. अठरा-वीसपर्यंत हाडांची बहुतेक पुंजी बांधून होते, पुढे तिशीपर्यंत थोडीफार भर, नंतर खर्चच. आणि नेमकं याच वयात "मी काय लहान आहे का?" म्हणत दूध सुटतं. माझ्या मुलाचं पान ठीक निघालं, कारण त्याला भूक मोठी. अकरा वर्षांच्या मुलीचं मात्र ८५० ऐवजी ४०० भरलं. सकाळी शाळेच्या घाईत ती दूध तसंच ठेवून जायची आणि डब्यात पोळी-बटाटा. तिच्यासाठी दूध संध्याकाळी खेळून आल्यावर ठेवलं आणि डब्यात मेथीचे ठेपले, सोबत घट्ट दही. आरडाओरडा न करता सहाशे-सातशेपर्यंत आलो, सुट्टीच्या दिवशी आठशेच्या पुढेही जातं. मुलींबाबत आणखी एक. बारीक व्हायचं म्हणून एखादी जेवण तोडत असेल, तर कॅलरीबरोबर कॅल्शियमही जातं आणि पाळीही अनियमित होऊ शकते. पाळी लांबली तर नुसतं "वयात असं होतं" म्हणून सोडू नका.

गरोदरपणात दिवसाला ३५० कॅलरी जास्त लागतात, पण कॅल्शियमचा आकडा १००० च राहतो, कारण शरीर त्या काळात ते जास्त शोषून घेतं. बाळ अंगावर पीत असताना पहिले सहा महिने ६०० कॅलरी जास्त, पुढचे सहा महिने ५२०, आणि कॅल्शियम १२००. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज मिळतात, पाचशे-पाचशे मिलिग्रॅमच्या. लोहाची गोळी त्यांच्यासोबत घ्यायची नाही, किमान दोन तासांचं अंतर ठेवायचं. कित्येक बायका दोन्ही एकदम गिळतात आणि मग हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणून काळजी करतात.

पाळी जाताना कॅल्शियमचा आकडा तोच असतो, पण इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे पहिली पाच-सात वर्षं हाड वेगाने झिजतं. नुसतं कॅल्शियम वाढवून ही झीज पूर्ण थांबत नाही. आधीच कमी पडत असेल तर ती आणखी वाढते, एवढं मात्र नक्की. मी ४६ ची आहे आणि माझं पान मोजलं तेव्हा ते ५५० चं होतं. आता रोज हजारच्या आसपास आणते, आणि संध्याकाळी जिने चढते, कारण भार पडल्याशिवाय हाड कॅल्शियम धरून ठेवत नाही.

साठीनंतर शोषण मंदावतं, ऊन कमी मिळतं, कवळी नीट बसत नाही म्हणून भाकरी सुटते आणि चहा-बिस्किटांवर दिवस निघतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

## ७. गोळी घ्यायचीच असेल तर पट्टी वाचा

ताटातून जे भागत नाही तेवढ्यापुरतीच गोळी, आणि डॉक्टरांना विचारून. पट्टीवर ठळक लिहिलेला आकडा बहुधा क्षाराचा असतो. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम चाळीस टक्के असतं. १२५० मिलिग्रॅम कार्बोनेट म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. आमच्या घरी जी गोळी होती तिच्यावर कार्बोनेट ५०० लिहिलेलं होतं, म्हणजे हाती आलं २००. आम्ही सहा महिने ती पाचशेची समजत होतो.

कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावं, कारण ते विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. ज्यांना ॲसिडिटीची गोळी रोज चालू आहे त्यांनी सायट्रेटबद्दल विचारावं. त्यात कॅल्शियम २१ टक्केच असतं, पण ते रिकाम्या पोटीही चालतं. एका वेळी पाचशेपेक्षा जास्त घेऊ नका. शरीर एकदम जास्त शोषू शकत नाही, आणि बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच. थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर. मी माझी थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम सकाळी एकदमच घेत होते. दोन्हींच्या वेळा सकाळ-रात्र अशा वेगळ्या केल्यावर पुढच्या तपासणीत थायरॉईडचा आकडा जागेवर आला.

ड जीवनसत्त्व नसेल तर कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. रोजची गरज प्रौढांना ६०० युनिट आणि वृद्धांना ८००. आठवड्याला एक अशी साठ हजार युनिटची पुडी डॉक्टर काही आठवड्यांसाठी लिहून देतात. ती चिठ्ठी जपून ठेवून दुकानातून वर्षानुवर्षं आणत राहिलं तर रक्तात कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. किती आठवडे घ्यायची ते विचारून चिठ्ठीवरच लिहून घ्या.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर या लेखातला एकही आकडा परस्पर वापरू नका. मुतखडा होऊन गेलेला असेल तर उलट चूक होते, माणसं घाबरून दूधच बंद करतात. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून बाहेर नेतं, त्यामुळे ते तोडल्याने बहुतेकांचा फायदा होत नाही. गोळ्यांची गोष्ट वेगळी, त्या विचारूनच.

## ८. सुधारणा कशावरून ओळखायची

"रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आहे, मग काय काळजी?" हे वाक्य मीही बोलले आहे. रक्तातली पातळी शरीर काहीही करून सांभाळतं, आणि कमी पडलं की हाडांतून काढून घेतं. म्हणून सासूबाईंचा रक्ताचा कागद मनगट मोडलं त्या दिवशीही नॉर्मलच होता. हाडांची स्थिती डेक्सा तपासणीतून कळते. त्यात टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करून येणारा आकडा, उणे अडीच किंवा त्याहून खाली असेल तर हाडं ठिसूळ झाली असं मानतात. ही तपासणी लगेच दोन-चार महिन्यांत पुन्हा करू नका, फरक दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात.

घरी दोन गोष्टी पाहा. पहिली, वृद्धांचं वजन महिन्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी. प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजनाचा विसावा हिस्सा गेला, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचे अडीच किलो, तर डॉक्टरांकडे जा. आमच्याकडे काट्याआधी बांगड्या बोलल्या होत्या, त्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसरी, उंची. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी भरली किंवा पाठीला बाक आला, तर मणका दबला असण्याची शक्यता असते, जरी कधी पडलेलं आठवत नसलं तरी.

मुलांचं दर सहा महिन्यांनी वजन आणि उंची. प्रौढांचं काम बदललं, शेत सोडून दुकानात बसायला लागले, की कॅलरीचा आकडा त्याच आठवड्यात नवा लिहा. आणि घरातलं कुणी तक्त्याच्या पुढच्या ओळीत गेलं, की त्याचं पान नव्याने काढा. माझ्या मुलाचं यंदा मार्गशीर्षात काढायचं आहे. तो एकोणिसावा पूर्ण करतो आहे, परगावी खोलीवर राहतो, खेळ सुटला आहे, आणि फोनवर विचारलं तर दूध फक्त चहात असतं म्हणतो.